एक जूनच्या शुभेच्छा आणि त्यांची पोच

व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकलेली शुभेच्छा चोवीस तास दिसते आणि मग आपोआप पुसली जाते. ही सोय २०१७ च्या फेब्रुवारीत आली. वऱ्हाडानं तिच्यावर लवकरच वाढदिवस बसवले. अमरावती-अकोल्यात आज कुणाचा वाढदिवस असला, की त्याला थेट निरोप धाडण्याआधी त्याचा फोटो आपल्या स्टेटसवर लावायचा, भोवती केक, गुलाब आणि जमल्यास एखादा वाघ बसवायचा आणि खाली 'कोटी कोटी शुभेच्छा' लिहायचं, ही रीत पडली आहे. त्यामुळे ज्याला शुभेच्छा द्यायच्या तो सोडून बाकी गावाला त्या आधी पोचतात. त्यालाही पोचतात, पण त्याला दिसल्या तर. दिसल्यावर त्यानं काय करायचं, लिहून उत्तर द्यायचं, बदाम दाबून मोकळं व्हायचं की फोन लावायचा, याचे नियम कुठंही छापलेले नाहीत. तरी ते मोडले की समजतं, कारण पुढच्या तेरवीला समोरचा माणूस पंगतीत मुद्दाम पलीकडच्या टोकाला बसतो.

या नियमांचा अभ्यास करायला वर्षातला सर्वांत सोयीचा दिवस म्हणजे १ जून. या तारखेला महाराष्ट्रात इतके लोक जन्मलेले आहेत, की बाहेरच्या माणसाला हा योगायोग वाटेल. तो योगायोग नाही, हेडमास्तर आहेत. घरात जन्मलेल्या मुलाची तारीख आईला पोळ्याच्या, अखाडीच्या किंवा मोठ्या पुराच्या हिशेबानं आठवे. शाळेत नाव घालताना मात्र रजिस्टरला इंग्रजी तारीख लागे. सत्र सुरू होताना पोराचं वय पुरं भरावं म्हणून गुरुजी मुलाकडे एकदा पाहत, मनाशी वर्ष ठरवत आणि १ जून लिहून टाकत. तीच तारीख पुढे दाखल्यावर, दाखल्यावरून नोकरीत, नोकरीवरून आधार कार्डावर आणि शेवटी फेसबुकवर गेली. आता १ जूनच्या सकाळी वऱ्हाडातल्या साठीच्या आसपासच्या माणसांना एकमेकांना शुभेच्छा द्याव्या लागतात आणि घ्याव्याही लागतात. दिवस जेमतेम पुरतो.

त्यात सरकारी नियमाची भर पडते. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे १ जूनवाल्यांची अख्खी पलटण ३१ मेला घरी बसते. शिक्षकांच्या बाबतीत तर ३१ मे म्हणजे उन्हाळी सुट्टीचा मधला दिवस. शाळेला कुलूप, अकोल्याचं ऊन डोक्यावर, सहकारी आपापल्या गावी गेलेले. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम एप्रिलच्या शेवटी होऊन गेलेला असतो किंवा शाळा उघडल्यावर व्हायचा असतो. निवृत्तीच्या खुद्द दिवशी निरोप देण्याचं सगळं काम स्टेटसवर येऊन पडतं. ३१ मेला 'सेवापूर्तीच्या हार्दिक शुभेच्छा' आणि दुसऱ्या दिवशी, बहुतेक वेळा त्याच फोटोवर, 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. एका माणसाला अठ्ठेचाळीस तासांत दोन वेगळ्या प्रसंगांसाठी उत्तरं द्यायची असतात, आणि त्याच्या हातात तोवर दुसरं कामही उरलेलं नसतं.

उत्तराचे नियम समजण्याआधी उत्तर जाऊन कुठं पडतं हे पाहावं लागतं, कारण निम्मे गोंधळ तिथंच होतात. एखाद्याच्या स्टेटसवर खाली लिहून पाठवलेला मजकूर त्या स्टेटसखाली चिकटत नाही. तो स्टेटस लावणाऱ्याच्या खाजगी खिडकीत जातो, सोबत त्या स्टेटसचं छोटं चित्र घेऊन. २०२२ पासून तयार आठ चिन्हंही मिळू लागली. त्यांत जोडलेले हात आहेत, टाळ्या आहेत, फुटणारा फटाका आहे, रडका चेहरा आहे आणि लाल अक्षरांत 'शंभर' आहे. ही चिन्हंही खाजगी खिडकीतच पडतात आणि समोरच्याच्या फोनवर रीतसर निरोपासारखी वाजतात. तिसरा मार्ग बदामाचा. तो २०२४ च्या ऑक्टोबरात आला. बदाम दाबला की खिडकीत काही पडत नाही. स्टेटस कुणी कुणी पाहिलं याची जी यादी लावणाऱ्याला दिसते, तिच्यात आपल्या नावापुढे एक लहान बदाम उमटतो. संभाषण सुरू होत नाही, म्हणून ते लांबतही नाही. वऱ्हाडी माणसाला लांबलेल्या संभाषणाचं वावडं नाही, पण १ जूनला त्याच्याकडे वेळ नसतो.

ही पाहणाऱ्यांची यादी म्हणजे लग्नमंडपाच्या दाराशी घेऊन बसलेली आहेराची वही समजावी. तिच्यात नाव आहे, वेळ आहे आणि काय दिलं तेही आहे. वहीत '५१ रु.' लिहिलेलं असतं, इथं बदाम असतो किंवा नसतो. वही पुढच्या लग्नात उघडली जाते, तशी यादी पुढच्या वाढदिवसाला आठवली जाते. 'पाह्यलं तर होतं नं त्यानं, सकाळीच पाह्यलं होतं,' हे वाक्य अमरावतीत अशा स्वरात बोललं जातं, की ऐकणाऱ्याला एखाद्या दिवाणी दाव्यातली साक्ष वाटावी. निळ्या खुणा बंद ठेवणारे लोक या वहीत सापडत नाहीत. पण त्यांनाही मग आपल्या स्टेटसची वही पाहायला मिळत नाही. ज्यांना आहेर द्यायचाही नाही आणि कुणी दिला हे मोजायचंही नाही, अशांसाठी ही सोय आहे. वऱ्हाडात अशी माणसं थोडी.

आता तीन माणसं वेगळी करावी लागतात. एक वाढदिवसवाला. दुसरा, त्याच्या शुभेच्छेचं स्टेटस लावणारा. तिसरा, ते स्टेटस पाहणारा. तिसऱ्याकडून होणारी चूक सगळ्यांत जास्त घडते. साळ्यानं आपल्या स्टेटसवर जवायाचा फोटो लावलेला असतो. साळ्याचा कॉलेजातला दोस्त राजकमल चौकात सिग्नलला उभा असताना ते पाहतो आणि तिथल्या तिथं लिहितो, 'हॅपी बर्थडे भाऊ! पार्टी कुठं?'

साळा उत्तर देतो, 'माहा नाही बाप्पा, आमच्या जवायाचा आहे.'

'मंग जवायाकडून घेऊ. कवा येऊ?'

इथं शुभेच्छा ज्याला दिली त्याचा वाढदिवस नव्हता, आणि ज्याचा होता त्याला ती कधीच कळली नाही. दोस्ताची जवायाशी ओळख नसेल तर त्यानं बदाम दाबावा, तो पुरतो. त्या बदामाचा अर्थ 'तुझा जवाई पाहिला, केस विरळ झाले आहेत, ठीक आहे' एवढाच असतो आणि साळ्याची अपेक्षाही तेवढीच असते. पण दोस्त जवायालाही ओळखत असेल, त्याच्या घरी एकदा जरी जेवलेला असेल, तर साळ्याच्या स्टेटसवर केलेलं काहीही मोजलं जात नाही. त्यानं जवायाच्या स्वतःच्या खिडकीत जाऊन शुभेच्छा द्यायला हव्यात. 'त्याईले माह्याकडूनही सांगजो' असं साळ्याला लिहून सुटता येत नाही. ते सांगणं साळ्यावर उरतं, आणि साळा ते हमखास विसरतो.

दुसरा घोटाळा यंत्राचा आहे. स्टेटस दिसण्यासाठी दोघांकडेही एकमेकांचे नंबर जतन केलेले असावे लागतात. जुन्या विद्यार्थ्याकडे गुरुजींचा नंबर असतो. गुरुजींकडे तो विद्यार्थी 'वर्ग सातवा, मागचा बाक' एवढाच डोक्यात असतो, फोनमध्ये नसतो. विद्यार्थी गुरुजींवर मनापासून लिहितो, त्याचे शंभर नातेवाईक वाचतात, आणि गुरुजींना सोडून सगळ्यांना गुरुजी किती चांगले होते ते समजतं. संध्याकाळपर्यंत 'गुरुजींनी साधा अंगठाही देल्ला नाही' हेही सगळ्यांना समजतं.

हे सगळं एका माणसावर कसं कोसळतं ते पाहण्यासाठी मूर्तिजापूर तालुक्यातले एक जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी धरू. रजिस्टरला जन्म १ जून १९६७, घर अकोल्याला, सासुरवाडी अमरावतीला. ३१ मे २०२५ ला ते अठ्ठावन्न पुरे करून निवृत्त होतात. तो शनिवार असतो. रविवारी, १ जूनला, वाढदिवस. सकाळी सहाला कूलरची टाकी भरून ते फोन हातात घेतात, तेव्हा स्टेटसच्या रांगेत त्यांना आपलाच चेहरा नऊ वेळा दिसतो.

पहिलं स्टेटस साळ्याचं. त्यानं लग्नातला फोटो काढून लावला आहे. मुंडावळ्यांखाली गुरुजींचे केस दाट आहेत आणि बाजूला साळा हाफ पँटमध्ये आहे. साळ्यानं स्टेटस लावताना गुरुजींचा उल्लेखही केलेला आहे. ही उल्लेखाची सोयही २०२४ च्या ऑक्टोबरातली. ज्याचा उल्लेख केला त्याला वेगळी सूचना जाते आणि तेच स्टेटस एका बोटानं स्वतःच्या स्टेटसवर चढवता येतं. आधी यासाठी स्क्रीनशॉट काढावा लागे आणि शुभेच्छेसोबत फोनची चार टक्क्यांवर आलेली बॅटरीही सगळ्यांना दिसे. साळ्याला लिहून उत्तर द्यायची गरज नाही. त्याचं स्टेटस आपल्या स्टेटसवर चढवलं की त्याला जे हवं ते मिळालं, कारण आता ते अकोल्याच्या लोकांनाही दिसतं. सासुरवाडीच्या शुभेच्छेला शब्दांपेक्षा प्रदर्शन प्रिय असतं. मात्र ते दुपारच्या आत व्हावं. साळ्याची बहीण गुरुजींच्याच घरात राहते आणि यादी तिलाही तोंडपाठ असते.

त्यानंतर केंद्रातल्या सहकारी शिक्षकांची ओळीनं पाच स्टेटस. पाचही एकसारखी. झेंडूच्या तोरणाची चौकट, मध्ये गोल कापलेले गुरुजी, वर 'निरोप नव्हे, नवी सुरुवात', खाली 'शुभेच्छुक' आणि प्रत्येकाचं नाव. चौकट कुणीतरी एकानं बनवली, बाकीच्या चौघांनी नाव बदलून लावली. इथं सरसकट पाचांना सारखं उत्तर देणं ही नव्या निवृत्तांची नेहमीची गफलत आहे. चौघांना बदाम पुरतो. त्यांनी जेवढं बोट झिजवलं तेवढंच परत जातं, हिशेब मिटतो. ज्यानं चौकट बनवली त्याला मात्र लिहायला हवं. त्यानं गुरुजींचा फोटो शोधला, मागची शाळेची टाकी खोडली, 'सुरुवात'मधला ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासला आणि रात्री अकराला चौकट सगळ्यांना पाठवली. बनवणारा कोण हे ओळखणं सोपं आहे. त्याचं स्टेटस सर्वांत आधी लागलेलं असतं, आणि चित्र सगळ्यांत स्वच्छ असतं. पुढे पाठवत गेलेल्या प्रतीत झेंडू पुसट होत जातो.

सातवं स्टेटस विमा एजंटाचं. त्याला बदामही जपून द्यावा. बदामावरून त्याला फोन चालू आहे आणि मालक जागा आहे, एवढं कळतं, आणि निवृत्तीची रक्कम ज्या आठवड्यात येणार त्या आठवड्यात हे कळणं महागात पडतं.

आठवं स्टेटस प्रभागातल्या इच्छुक उमेदवाराचं. अमरावती आणि अकोला या दोन्ही महापालिकांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि नंतर बराच काळ प्रशासकच कारभार पाहत होते. त्यामुळे २०२५ च्या उन्हाळ्यात शहरात तीन वर्षं इच्छुक राहिलेली माणसं होती, आणि इच्छा जिवंत ठेवायला त्यांना रोज कुणाचा तरी वाढदिवस लागे. अशा स्टेटसवर वाढदिवसवाल्याचा फोटो लिंबाएवढा आणि शुभेच्छा देणाऱ्याचा पपईएवढा असतो. वर पक्षाचे आठ नेते. गुरुजी नेमके कोणते, हे बाणानं दाखवावं लागतं. या शुभेच्छेला बदाम चुकीचा, कारण तो पाठिंब्यात धरला जातो. लिहून दिलेलं उत्तरही चुकीचं, कारण त्याचा स्क्रीनशॉट 'आदरणीय गुरुजींचे आशीर्वाद' या मथळ्याखाली दुसऱ्या दिवशी फिरतो. जोडलेले हात पाठवावेत. त्यांतून होकार, नकार, नमस्कार आणि क्षमा यांपैकी काहीही निघतं, आणि निघालेलं सिद्ध करता येत नाही.

नववं स्टेटस विहीणबाईंचं. यात एक नाजूक अडचण आहे. विहीणबाईंनी सभ्यपणे 'व्याह्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा' लिहून गुरुजींचा आणि त्यांच्या पत्नीचा जोडीचा फोटो लावलेला असतो. बदाम दाबणं सगळ्यांत सोपं, पण त्या चिन्हाचा पत्त्यांतला अर्थ वेगळा आणि नात्यातला वेगळा. विहिणीला व्याह्यानं बदाम पाठवला, ही बातमी मुलीच्या सासरी पोचायला फार वेळ लागत नाही. प्रघात असा आहे, की व्याह्याकडून विहिणीला काहीही चिन्ह जाऊ नये. उत्तर गुरुजींच्या पत्नीनं तिच्या फोनवरून, शब्दांत लिहावं आणि शेवटी 'याईनंही नमस्कार सांगतला आहे' घालावं. व्याही पुरुष असेल तर अंगठा चालतो. पण केवळ अंगठा पाठवला तर मुलीचा बाप घाईत आहे असं समजतात, आणि मुलीच्या बापानं घाईत असू नये असा वऱ्हाडातला समज अजून टिकून आहे.

नऊ स्टेटस झाली. दिसलेली नऊ. न दिसलेलं दहावं त्या जुन्या विद्यार्थ्याचं. तो आता पुण्यात आहे. त्यानं एकामागून एक चार स्टेटस लावली आहेत, चौकट नाही, झेंडू नाही, नुसता मजकूर. सातवीत वडील गेले तेव्हा गुरुजी घरी आले होते, परीक्षेची फी भरली आणि पावती वडिलांच्या नावानं फाडली, असं त्यात लिहिलं आहे. गुरुजींना हे संध्याकाळी सहाला एका शेजाऱ्यानं पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून कळतं. या शुभेच्छेला चिन्ह चालत नाही, चार ओळींचं उत्तरही चालत नाही. नंबर मागवायचा, जतन करायचा आणि फोन लावायचा. स्वतःच्या शब्दांत लिहिणाऱ्याला स्वतःच्या आवाजात उत्तर, हा या सगळ्या व्यवहारातला एकच नियम आहे ज्यावर अमरावती आणि अकोला यांचं पूर्ण एकमत दिसतं. फोनवर दोघंही फारसं बोलत नाहीत. 'कसा आहेस बे?' 'बरा आहे गुरुजी.' 'जेवाले येजो दिवाळीत.' तेवढ्यात काम होतं.

आता गुरुजींनी स्वतःच्या स्टेटसवर जे चढवलं त्याकडे वळू. आलेली प्रत्येक शुभेच्छा पुन्हा आपल्या स्टेटसवर लावणारे लोक असतात. नावाभोवतीच्या गोल कड्याचे तितके तुकडे होतात. तीस शुभेच्छा चढवल्या की ते तुकडे इतके बारीक होतात, की पाहणारा कडं पाहूनच घाबरतो आणि पुढे सरकतो. लोक पहिली तीन-चार पाहतात. म्हणून क्रम महत्त्वाचा ठरतो, आणि क्रमावरून मानापमान होतात. मोठ्या साडूंचं स्टेटस चौदावं आलं तर ते तेराही पाहतात, फक्त मोजण्यासाठी. सासुरवाडीचं एक, मुलांचं एक, मित्राचं एक, एवढ्यावर थांबावं. ज्यांचं चढवलं नाही त्यांना उत्तर लिहून द्यावं. ज्यांचं चढवलं त्यांना वेगळं उत्तर लागत नाही. दोन्ही करणारे लोक पुढच्या वर्षी स्वतःच्याच चांगुलपणानं अडकतात.

वडीलधाऱ्यांकडून आलेल्या प्रतिक्रियेचं प्रकरण स्वतंत्र आहे. वयानं मोठा माणूस चिन्ह निवडत नाही, त्याच्या बोटाखाली जे येतं ते जातं. गुरुजींच्या स्टेटसवर अमरावतीहून चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासऱ्यांचं लाल 'शंभर' आलं. नातवानं फोन हातात दिला, सासऱ्यांनी फोटोतल्या जवायाच्या गालावरून बोट फिरवलं, चिन्हांची पट्टी वर आली आणि एक दाबलं गेलं. अठ्ठावन्न पुरे करणाऱ्याला शंभर, हा आशीर्वाद म्हणून घ्यायला हरकत नाही. पण वडीलधाऱ्याच्या चिन्हाला चिन्हानं उत्तर देता येत नाही, फोनच लावावा लागतो.

'मामंजी, तुमचे शंभर भेटले.'

'मी कुठं पैसे पाठवले बाप्पा?'

'पैसे नाही, स्टेटसवर.'

'बबनले पाठवाचे होते ते, खताचे. तुमच्याकडे गेले काय? राहू द्या मंग, वाढदिवस आहे तुमचा.'

या प्रसंगी खरी हकिगत समजावून सांगू नये. खताचे पैसे बबनला वेगळे पाठवायला लावावेत आणि विषय प्रकृतीवर न्यावा. असंच मौन १ जूनच्या बाबतीतही पाळतात. गुरुजींचा खरा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, कर म्हणतात त्या दिवशीचा. घरातले त्याच दिवशी ओवाळतात. तरीही १ जूनला शुभेच्छा देणाऱ्याला 'माहा खरा वाढदिवस आज नसते' असं लिहून पाठवणं असभ्य मानलं जातं. एक तर समोरचाही बहुधा १ जूनवालाच असतो. शिवाय त्याला खरी तारीख सांगितली की पोळ्याला पुन्हा स्टेटस लावायची जबाबदारी त्याच्यावर पडते, आणि पुन्हा उत्तर द्यायची गुरुजींवर.

सगळ्यांत महाग पडणारी चूक मात्र घसरणीची आहे. फोटोचं स्टेटस काही सेकंद दिसतं आणि पुढचं आपोआप येतं. एकाच माणसानं सकाळी काकाजींची 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि नंतर गुरुजींचा वाढदिवस लावलेला असतो. दोन्हींत फोटो गोल, दोन्हींत झेंडू. पाहणाऱ्याचं बोट पहिल्या फोटोसाठी निघतं आणि दुसऱ्यावर पोचतं. गुरुजींना रडका चेहरा मिळाला तर निवृत्तीचं दुःख म्हणून चालून जातो. उलट झालं, म्हणजे काकाजींना फुटणारा फटाका गेला, तर चालत नाही. बदाम चुकून दाबला गेला असेल तर पुन्हा दाबून काढता येतो, आणि समोरच्यानं तोवर पाहिलं नसेल तर प्रकरण तिथंच मिटतं. आठ चिन्हांपैकी काही गेलं असेल तर ते निरोपासारखं खिडकीत पडलेलं असतं. ते पुसता येतं, पण पुसल्याची ओळ मागे राहते. दुःखातल्या घराला ती ओळ फटाक्यापेक्षा संशयास्पद वाटते. त्यापेक्षा लगेच फोन करावा, फटाक्याचं नावही काढू नये आणि 'कधी झालं, कसं झालं' असं विचारावं. विचारलं की माणूस सांगत बसतो आणि फटाका मागे पडतो. श्रद्धांजलीच्या स्टेटसला जोडलेले हात पुरतात ते फक्त लांबच्या माणसाकडून. ज्याच्या घरी आपण जेवलो, त्याच्या घरच्या मृत्यूला चिन्ह कमीच पडतं, तिथं जावंच लागतं.

रात्री गुरुजी 'आपण सर्वांनी दिलेल्या शुभेच्छांबद्दल मनःपूर्वक आभार' असं एक स्टेटस लावतात. या सामूहिक आभारानं नेमकं कोण फिटतं, यावर अमरावतीकर आणि अकोलेकर यांच्यात थोडा मतभेद आहे. अकोल्याचा व्यापारी माणूस सगळे फिटले असं मानतो. अमरावतीचा प्राध्यापक तसं मानत नाही, कारण त्यानं सकाळी सहा ओळी लिहिलेल्या असतात. व्यवहारात पाहिलं तर ज्यांनी फक्त बदाम किंवा अंगठा दिला तेवढेच त्या आभारात मोजले जातात. लिहिणारे उत्तराची वाट पाहत राहतात, फोन करणारे आधीच फिटलेले असतात. आभाराच्या स्टेटसवर पुन्हा बदाम येतात. यादीतल्या बदामाला बदाम देण्याची सोय नाही, आणि त्यामुळेच हा दिवस संपू शकतो.

काही उत्तरं राहून जातातच. दिवसभर वीज नव्हती, फोन बंद पडला, किंवा माणूस मेळघाटात गेला आणि तिकडे नेटवर्कच नव्हतं. चोवीस तास उलटले की स्टेटस पुसलं जातं, आणि त्याबरोबर बदाम द्यायची जागाही. आता नुसती प्रतिक्रिया देण्याचा मार्ग बंद झालेला असतो, लिहावंच लागतं. २ जूनला लिहिताना सबब सांगायला हरकत नाही, वीज नव्हती ही सबब अकोल्यात कुणी तपासत नाही. तीन-चार दिवसांनी सबब न सांगता नुसतं 'तुमचं स्टेटस पाह्यलं होतं, बरं वाटलं' एवढं लिहितात. आठवडा उलटून गेला तर लिहू नये. लिहिलं की समोरच्याला आठवतं की उत्तर आलं नव्हतं. तेव्हा चौकात भेट होईपर्यंत थांबायचं, गिला वडा मागवायचा, पैसे आपण द्यायचे आणि वाढदिवसाचा विषय काढायचा नाही.